क्लिनिकात जुळलेला दात दारात आल्यावर वेगळा का दिसतो

प्रश्न: पुढच्या एका दाताला कॅप बसवून आठवडा झाला. बसवताना डॉक्टरांनी आरसा दिला तेव्हा एकदम मॅच वाटत होती, आता बाहेर उजेडात पांढरीफटक दिसते, फोटोत तर अजूनच वेगळी. रंग चुकीचा निवडला का? आणि शेजारच्या दातासारखा रंग आणायला एवढं अवघड काय आहे?

रंग चुकीचा निवडला असं लगेच म्हणू नका, बऱ्याचदा रंग बरोबरच निवडलेला असतो पण चुकीच्या वेळी बघून निवडलेला असतो. मी बेळगावात गेली वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही एका लग्नाच्या मुलीच्या दातावर, म्हणून तीच गोष्ट सांगतो, त्यात तुमचं उत्तर बरंचसं येईल.

आधी घरच्या घरी एक करून बघा. आरशासमोर उभं राहून वरचा ओठ बोटानं वर ओढून धरा, तोंडानं श्वास घ्या आणि पाच-दहा मिनिटं जीभ पुढच्या दातांना लावू नका. कंटाळा येतो, पण करा. दात हळूहळू खडूसारखे पांढरे व्हायला लागतात, कुठं कुठं आधी न दिसणारे पांढरे ठिपके पण उठून दिसतात. दात वाळतोय, बाकी काही नाही. दाताच्या वरच्या थरात, इनॅमलमध्ये, अगदी बारीक फटी असतात आणि त्यात पाणी असतं, त्या पाण्यामुळं उजेड आत जातो आणि आतल्या पिवळसर थराचा रंग घेऊन बाहेर येतो. पाणी गेलं, हवा शिरली की उजेड वरच्या वरच विखुरतो आणि दात पांढरा दिसतो. पावसात भिजलेला पांढरा सदरा अंगाला चिकटला की आतली कातडी दिसते आणि वाळला की पुन्हा पांढरा, तसंच आहे हे. फरक एवढाच की दात पूर्ववत व्हायला सदऱ्यासारखा लगेच होत नाही, चांगला वाळला असेल तर पूर्ण मूळ रंगावर यायला एक दिवस पण लागतो.

आता ती मुलगी. खानापूरकडची, आठवीत असताना सायकलवरून पडून वरचा उजवा मधला दात अर्धा मोडलेला, तेव्हाच रूट कॅनल झालेलं, नंतर तो दात राखाडी-तपकिरी पडत गेला. चोविसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा आई घेऊन आली, तीन आठवडे हातात होते. जुलैचा महिना, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, बाहेर पाऊस असा की रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावलेले. मी काय केलं, आधी इंजेक्शन दिलं, दात कॅपसाठी घासला, माप घेतलं, टेम्पररी कॅप बसवली, आणि सगळं आवरल्यावर, जाता जाता म्हणावं तसं, शेड गाइड, म्हणजे दाताच्या रंगाच्या नमुन्यांची पट्टी, काढून शेजारच्या डाव्या दाताचा रंग बघितला. म्हणजे तोवर पाऊण तास तिचं तोंड उघडं, कापसाचे रोल लावलेले, हवेचा फवारा चालू, आणि उजेड कसला तर खुर्चीवरचा दिवा आणि छताची ट्यूबलाइट. मला ए-१ दिसला, म्हणजे पट्टीतला बराच उजळ नमुना, कॅप बनवणाऱ्या लॅबच्या चिठ्ठीवर ए-१ लिहिलं आणि दिलं पाठवून.

खरी गंमत पुढं आहे. कॅप आली, बसवून बघितली, कडा जरा उंच लागत होत्या म्हणून अर्धा तास घासघूस केली, मग आरसा दिला. कॅप ए-१ आणि शेजारचा दातपण ए-१ सारखाच दिसतोय, कारण त्या अर्ध्या तासात तो पुन्हा वाळला होता! मुलगी खूश, आई खूश, मी पक्क्या सिमेंटनं चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन, "डॉक्टर, पोरीचा दात खडूसारखा दिसायलाय की!" रात्रीत शेजारच्या दातानं पाणी पिऊन घेतलं, तो आपल्या खऱ्या, जरा गडद रंगावर, ए-२ वर आला, आणि पोर्सिलिनची कॅप काय पाणी पीत नाही, ती होती तिथंच राहिली. तुमच्या बाबतीत 'आरशात मॅच होती, आता पांढरीफटक' असं जे लिहिलंय त्यावरून मला पहिला संशय हाच येतो.

म्हणून आता माझ्याकडं नियम असा आहे की पेशंट खुर्चीत बसला की पहिलं काम रंग. इंजेक्शनच्या आधी, ड्रिलच्या आधी, तोंड ओलं असताना. कॅप कापून काढली, माफी मागितली आणि दुसऱ्यांदा तिला सकाळी साडेदहाला बोलावलं. लिपस्टिक पुसायला लावली, भडक केशरी ओढणी होती तिच्यावर राखाडी कापड टाकलं, कारण केशरी रंगाजवळ डोळ्याला दात निळसर वाटायला लागतो. शेजारचा दात पेस्टनं घासून साफ केला, चहाचा थर होता त्यावर. (निपाणीकडच्या पेशंटांच्यात तंबाखूचा थर असतो, तो काढल्याशिवाय रंग बघणं म्हणजे भिंतीवरचा धूर बघून चुन्याचा रंग ठरवणं.) मग जिभेनं दात ओला करायला सांगितला आणि तिला खिडकीजवळ उभं केलं, थेट ऊन नाही, नुसता उजेड.

इथं रंग म्हणजे नेमकं काय बघायचं ते सांगतो, कारण गोंधळ इथंच होतो. आपण बहुतेक लोक 'पिवळा आहे की तांबूस' हे शोधत बसतो. दाताच्या रंगात तीन गोष्टी असतात, एक म्हणजे तो कुठल्या छटेकडं झुकतो, दुसरी ती छटा किती गडद आहे, आणि तिसरी म्हणजे दात एकूण किती उजळ की मंद आहे. ह्यातली तिसरी, उजळपणा, ही सगळ्यात महत्त्वाची. छटा थोडी चुकली तर चार फुटांवरून कोणाला कळत नाही, उजळपणा चुकला तर रस्त्यापलीकडून कळतो. आमच्याकडं जास्त वापरात असलेल्या शेड गाइडमध्ये १६ नमुन्याचे दात असतात, ए म्हणजे लालसर-तपकिरी, बी लालसर-पिवळा, सी राखाडी, डी लालसर-राखाडी, आणि पुढचा आकडा वाढेल तसा गडद. पण पट्टी ह्या क्रमानं लावलेली असली तर उजळपणा शोधता येत नाही, म्हणून मी ती उजळ ते मंद अशी लावतो, त्यात बी-१ सगळ्यात आधी, मग ए-१, बी-२, डी-२, ए-२ असं करत शेवटी सी-४. डोळे अर्धवट मिटून बघायचं. डोळे बारीक केले की रंगाचा तपशील कमी होतो आणि उजळ-मंद तेवढं कळतं, जो नमुना दातात विरघळल्यासारखा वाटतो तो धरायचा.

आणि एका नजरेत पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही. टक लावून बघत बसलं की डोळा त्या पिवळ्याला सरावतो आणि मग सगळेच नमुने सारखे वाटतात, तेव्हा मध्येच राखाडी कापडाकडं नजर वळवायची आणि पुन्हा यायचं. पहिल्या नजरेत जे वाटलं ते बहुतेक बरोबर असतं, पंधरा मिनिटं नमुने बदलत बसणारा डॉक्टर शेवटी चुकीचाच उचलतो असा माझा अनुभव. माझ्या असिस्टंट बाईंना मी वेगळं विचारतो, दोघांचं एकच आलं तर लिहायचं. पुरुषांत काही जणांना लाल-हिरव्याचा रंगदोष असतो आणि बऱ्याचदा त्यांना तो माहीतसुद्धा नसतो, त्यामुळं दुसऱ्या डोळ्यांची जोडी असलेली बरी.

त्या मुलीच्या शेजारच्या दाताचा मधला भाग ए-२ आला, हिरडीजवळ ए-३, आणि खालच्या काठाला तीनेक मिलिमीटरचा पट्टा जवळजवळ काचेसारखा, त्यात निळसर झाक, आणि मधोमध एक पुसट पांढरी आडवी रेघ. म्हणजे एका दाताला एक नंबर असा नसतोच. हिरडीजवळ इनॅमल पातळ, तिथं आतला पिवळा थर जास्त दिसतो, आणि काठाला आतला थर नसतोच, नुसतं इनॅमल, म्हणून तिथं पारदर्शक. त्यातून पुन्हा तो निळसरपणासुद्धा स्थिर नाही, समोरून उजेड पडला तर निळा आणि मागून उजेड आला तर तोच काठ नारिंगी दिसतो. हे सगळं चिठ्ठीवर 'ए-२' एवढंच लिहून पाठवलं तर लॅबवाला ए-२ चा सरसकट दात करून देणार, त्याची काय चूक?

आता उजेडाचं. बेळगावात खडेबाजारात साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेणारी कुठलीही बाई दुकानाच्या आत रंग ठरवत नाही, साडी आणि कापड घेऊन दारात येते. आत ट्यूबखाली अगदी एक दिसणारे दोन कपडे दारात आले की एक वांगी रंगाचा आणि एक तपकिरी. कारण दोन्ही कपड्यांची रंगद्रव्यं वेगळी आहेत, कुठला उजेड किती परत फेकायचा त्याची प्रत्येकाची सवय वेगळी, आणि ट्यूबच्या उजेडात काही रंग मुळातच कमी असल्यामुळं तो फरक झाकला जातो. दात आणि पोर्सिलिनचं हेच. एक हाडामासाचा, एक भट्टीतला, दोघांचं आतलं गणित सारखं नाही, त्यामुळं एका उजेडात जुळलेली कॅप दुसऱ्या उजेडात तुटते. जगातला कुठलाही डॉक्टर सगळ्या उजेडात जुळेल अशी खात्री देऊ शकत नाही, तुम्हाला दिली असेल तर ती दुकानदारी समजा.

मग करायचं काय तर कमीत कमी दोन-तीन उजेडात बघायचं. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या आसपासचा, हलक्या ढगांतला उजेड सगळ्यात चांगला, तो साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विनचा असतो, म्हणजे ना पिवळा ना फार निळा. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २,७०० च्या आसपास, त्यात सगळेच दात पिवळे. संध्याकाळचं ऊन तांबडं. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर काळ्या ढगांत खिडकीतून उजेडच येत नाही, तेव्हा खिडकीवर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून मी एक हातात धरायचा ५,५०० केल्विनचा दिवा घेतलाय, त्याचा सीआरआय ९० च्या वर आहे. सीआरआय म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, १०० पैकी. घरचे साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच्या पांढऱ्या पट्टीखाली शेड बघणारे मी बघितलेत, मीही बघितलीय, नाव ठेवत नाही. खुर्चीवरचा दिवा मात्र शेड बघताना बंद, तो एवढा प्रखर असतो की दाताची सगळी बारकाई धुऊन टाकतो.

लग्नाचा विषय आहे म्हणून अजून एक. हॉलमध्ये किंवा डीजेजवळ जांभळे दिवे लावतात ना, त्यात अतिनील किरण असतात. खऱ्या दाताचा आतला थर ते किरण घेऊन निळसर-पांढरा चमकतो, पांढरा शर्ट चमकतो तसा. कॅपच्या पोर्सिलिनमध्ये तो गुण घातलेला नसेल तर तेवढाच एक दात काळा दिसतो, म्हणजे दात पडलाय की काय असं वाटावं. नुसत्या झिरकोनियाच्या, म्हणजे एका कडक पांढऱ्या सिरॅमिकच्या, ठोकळ्यातून कोरलेल्या कॅपला हा त्रास जास्त, वरून पोर्सिलिनचे थर दिलेल्या कॅपला कमी. लॅबला आधी सांगितलं तर तसं पोर्सिलिन वापरतात.

आता ती मुलगी पुन्हा. उजेड झाला, शेड झाली, तरी एक अडचण राहिलीच, तिचा आतला घासलेला दात राखाडी होता. शेड गाइडवरचा नमुना तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या मागं काही काळं नसतं. कॅपला पुढच्या बाजूनं मिळते जागा एक ते दीड मिलिमीटर, फार तर. त्या पातळ थरातून आतला राखाडी रंग वर झिरपतो आणि ए-२ ची कॅप बसवल्यावर मंद, मळकी दिसते. जास्त पारदर्शक मटेरियल घ्यावं तर आतलं दिसतं, एकदम अपारदर्शक घ्यावं तर भिंतीला टाइल लावल्यासारखी दिसते, ह्या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. म्हणून लॅबला बाहेरच्या रंगाबरोबर आतल्या घासलेल्या दाताचा रंगही कळवावा लागतो, त्याचा फोटो द्यावा लागतो. हे पहिल्या वेळी मी दिलंच नव्हतं.

फोटो देताना पण नुसता फोटो उपयोगाचा नाही. मोबाइल स्वतःच्या मनानं रंग बदलतो, एकाच पेशंटचे लागोपाठ काढलेले दोन फोटो एक पिवळा एक निळा येतात. त्यासाठी फोटोत शेड गाइडचे नमुने पण धरायचे, निवडलेला एक आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा एक, दाताच्या अगदी काठाला काठ लावून आणि त्याच पातळीत. नमुना अर्धा सेंटिमीटर पुढं आला तरी तो जास्त उजळ दिसतो. मग फोटोचा रंग कसाही येऊ दे, लॅबवाल्याच्या हातात तोच नमुना असतो, तो तुलना करून घेतो. माझा लॅबवाला कन्नड माणूस, फोटो बघून त्याचा फोन आला, "स्वल्प डल माडलेन्री?" म्हणजे जरा मंद करू का. मी नको म्हटलं. कारण वरून रंग लावून कॅप मंद करता येते, उजळ करता येत नाही, रंगावर रंग चढवला की दात काळवंडतच जातो. जरा उजळ येऊ दे, पेशंट समोर बसवून खाली आणू, असं ठरलं.

कॅप बसवून बघायचा मधला प्रयोग चमक द्यायच्या आधी केला, पेशंट आल्या आल्या, तोंड ओलं, कॅपसुद्धा पाण्यात बुडवून बसवली. आधी खिडकीत, मग ट्यूबखाली, मग पोर्चमधल्या पिवळ्या बल्बखाली. हिरडीजवळ जरा ए-३ चा रंग वाढवला, पांढरी रेघ पुसट केली, ती लॅबनं उत्साहात जरा ठळकच काढली होती. मग चमक देऊन ह्या वेळी टेम्पररी सिमेंटनं लावली आणि म्हटलं दोन दिवस घरी जा, तुमच्या आरशात, तुमच्या अंगणात बघा, सोळा जणांना दाखवा. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली चालतंय. तेव्हा पक्की केली. मला स्वतःला अजून त्यात फरक दिसतो, काठाचा निळसर पट्टा खऱ्या दातापेक्षा जरा कोरडा वाटतो, पिवळ्या बल्बखाली जास्त. शेजारी-शेजारी दोन मधले दात, त्यातला एकच करायचा, ह्यापेक्षा अवघड काम आमच्या धंद्यात नाही. चार दात एकदम करायचे असतील तर सोपं, कारण तुलना करायला बाजूचा खरा दात लांब जातो.

तुमच्या कॅपबद्दल आता. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, तोंड ओलं असताना दारात सावलीत उभं राहून कोणाला तरी बघायला सांगा, स्वतः सेल्फीत बघू नका. दिवसा, ट्यूबखाली, सगळीकडंच पांढरी दिसत असेल तर उजळपणाच चुकलाय, बहुतेक वाळलेल्या दातावर शेड घेतली गेली. एकाच उजेडात वेगळी दिसत असेल आणि बाकी ठिकाणी ठीक, तर ते वर सांगितलेलं साडीचं प्रकरण आहे, ते नवीन कॅपनं पण पूर्ण जाईलच असं नाही. हिरडीजवळ राखाडी कड दिसत असेल तर आतला दात काळा आहे किंवा कॅपच्या आत धातू आहे. आणि मधल्या काळात तुम्ही दात पांढरे करायची ट्रीटमेंट घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर लक्षात घ्या, कॅप ब्लीचनं बदलत नाही, बाकीचे दात बदलतात. आधी ब्लीच, मग किमान दोन आठवडे थांबून रंग स्थिर झाला की शेड, हा क्रम.

कुठल्या सिमेंटनं बसवलीय ते डॉक्टरांना विचारा. टेम्पररी असेल तर काढून लॅबला परत पाठवता येते. तुमची जास्त पांढरी आहे, म्हणजे निदान दुरुस्तीच्या दिशेनं चुकलीय, रंग लावून भट्टीत घालून थोडी खाली आणता येईल. पक्क्या सिमेंटनं असेल तर ती कापूनच काढावी लागते आणि नवीन करावी लागते, तोंडात असताना वरून रंग लावून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ब्रशनं काही महिन्यांत तो निघतो. नवीन करायची झाली तर सकाळची वेळ मागा, लिपस्टिक न लावता जा, आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणा की डॉक्टर, आधी रंग बघूया, मग इंजेक्शन.